घर सोडलेला भिक्खू आणि व्याजावर ठेवलेले तीन हजार कार्षापण

प्रश्न : इतिहासाच्या पेपरात 'भिक्खू आणि गृहस्थ' हा विषय आहे. जो घरदार सोडून समाजाबाहेर पडतो, त्याच्या त्यागाला सामाजिक संस्था कसं म्हणायचं?

त्यागाची व्याख्या बाजूला ठेवा आणि नाशिकच्या पांडवलेण्यांमधला एकच शिलालेख नीट वाचा. मी हा विषय शिकवताना सुरुवात तिथूनच करतो.

क्षत्रप म्हणजे शक शासक असलेल्या नहपानाचा जावई उषवदात याने दहाव्या क्रमांकाचं लेणं कोरवलं आणि चारी दिशांच्या भिक्षुसंघाला दिलं. वर ३,००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दिली, पण ती संघाच्या हाती नाही. गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, त्याने ती कायमची ठेव म्हणून ठेवली : एकीकडे २,००० दरमहा शेकडा १ दराने, दुसरीकडे १,००० दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर मुक्काम करणाऱ्या, २० भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ कार्षापण मिळावेत, असं लेख सांगतो. आता हिशोब करा. २,००० वर महिन्याला २०, म्हणजे वर्षाला २४०. आणि २० भिक्खूंना प्रत्येकी १२ म्हणजे तेही २४०च. आकडा आधी गरजेवरून ठरवलेला दिसतो. हे व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवून रीतसर नोंदवले, हेही लेखातच आहे.

पैसा विणकरांकडे का? विनय म्हणजे भिक्खूंच्या आचाराचे नियम; त्यांनुसार भिक्खूला सोनं-रुपं स्वीकारता येत नाही. त्याचं निष्कांचन असणं टिकवायचं, तर मुद्दल सांभाळणारा, ते धंद्यात फिरवणारा गृहस्थ लागतोच. त्यागाला समाजात कायमची जागा मिळते ती अशी, असं माझं ठाम मत आहे.

वर्षावासाचं मूळही गृहस्थांशी जोडलेलं आहे. विनयपिटक सांगतं की भिक्खू भर पावसात फिरतात, कोवळं गवत आणि बारीक जीव तुडवतात, इतर पंथांचे लोक तर या दिवसांत एका जागी राहतात, अशी लोकांनी तक्रार केली, तेव्हा तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम झाला. फिरत्याला मुक्काम आला, मुक्कामाला लेणं आलं, आणि लेण्यामागे उषवदाताची ठेव.

पेपरात एक चूक टाळा. विनय सांगतो ते 'कसं असावं', आणि शिलालेख सांगतो तो दात्याचा संकल्प. व्याज किती वर्षं पोचलं, हे या लेखावरून सिद्ध होत नाही. शिवाय उषवदात राजघराण्यातला होता, त्याच्यावरून सगळे दाते ठरवू नका. सांचीच्या लेखांत तर भिक्खू आणि भिक्खुणी स्वतःच दान देताना दिसतात. त्यांच्याकडे द्यायला काय होतं आणि ते कुठून आलं, हा प्रश्न तुमच्या उत्तरात जरूर मांडा.