अक्षरावर अक्षर चढलेलं पान: दोष स्टाइलचा, एक्स्टेन्शनचा की जुन्या ब्राउझरचा?

प्रश्न: आर्णी तालुक्यात गावी माझं सेवा केंद्र आहे. कॉम्प्युटर जुना, विंडोज ७, त्यात क्रोम. आठवड्यापासून एका अर्जाच्या पानावर अक्षरावर अक्षर चढून राह्यलं, रकाने एकात एक घुसले, खालचं बटणच सापडत नाही. मोबाईलवर तेच पान बरोबर दिसते. पोट्टे म्हणतात नेट स्लो आहे. नेमकं काय पाहू जी?

उत्तर:

भाऊ, नेट स्लो असलं तर पान उशिरा उघडते. पुरं उघडूनही आठवडाभर तसंच गुंतलेलं दिसत असेल, तर नेटला दोष देण्यात अर्थ नाही. मोबाईलवर पान चालते, म्हणजे साइटही उभी आहे. शोध तुमच्या कॉम्प्युटरवरच घ्यायचा.

पहिले पान नुसतं नीट पाहा. पानाचा मजकूर वेगळा येतो आणि त्याची मांडणी, म्हणजे रकाने, रंग, अंतर, हे सीएसएस नावाच्या वेगळ्या फायलींतून येते. मांडणी अजिबातच आली नाही तर पान उघडंबोडकं दिसते: पांढरी पाटी, काळी अक्षरं, निळ्या अधोरेखित लिंका, सगळं एकाखाली एक. पण अशा पानात अक्षरावर अक्षर सहसा चढत नाही. फायरफॉक्समध्ये कोणी चुकून स्टाइल बंद केली की असंच होते. तिथे Alt दाबून View, मग Page Style, आणि No Style ऐवजी Basic Page Style निवडलं की काम होते. क्रोमच्या मेनूत ही सोय नाही, म्हणून तुमच्याकडे ही शंका सोडून द्या.

अक्षरं एकमेकांवर चढतात तेव्हा मांडणी अर्धी लागलेली असते. मजकूर ज्या चौकटीत बसतो त्या डब्याची उंची ठरवणारा नियम लागला, पण आतल्या ओळी कुठे ठेवायच्या तो लागला नाही. किंवा नियम सगळे लागले, पण अक्षरं डब्यापेक्षा मोठी झाली. पुढचा सगळा तपास याच्याच मागे आहे.

मोठ्या अक्षरांची शंका दोन मिनिटांत मिटते. Ctrl आणि 0 दाबा, झूम 100 टक्क्यांवर येईल. मग पत्त्याच्या पट्टीत हे टाका:

```
chrome://settings/fonts
```

इथे Minimum font size ची पट्टी डाव्या टोकाला असावी. डोळ्यांना बरं पडावं म्हणून कोणी ती 18-20 वर नेली असेल, तर साइटने बारीक अक्षरांसाठी केलेल्या डब्यात मोठी अक्षरं मावत नाहीत. मात्र असं असलं तर बऱ्याच साइटी थोड्याफार बिघडलेल्या दिसतील, एकच नाही. क्रोमचं आपोआप भाषांतर चालू असेल तर तेही बंद करून पाहा. शब्द लांब झाले की बटणाबाहेर सांडतात.

आता Ctrl आणि F5 सोबत दाबा. लाईट गेल्यामुळे किंवा साइट बदलल्यामुळे साठवणीत जुनी फाईल अडकली असेल, तर ती नव्याने उतरेल. हे आधीच करा, कारण पुढच्या पायरीत खाजगी खिडकी उघडायची आहे आणि तीही जुनी साठवण वापरत नाही. नाहीतर दोष साठवणीचा की एक्स्टेन्शनचा, ते कळणार नाही.

Ctrl+Shift+N ने खाजगी खिडकी उघडा आणि तेच पान लावा. लॉगिन पुन्हा करावं लागेल, ओटीपीही पुन्हा येईल, म्हणून ज्याचा अर्ज आहे तो समोर बसलेला असतानाच करा. या खिडकीत एक्स्टेन्शन आपोआप बंद असतात. एखाद्याला मुद्दाम Allow in Incognito दिलं असेल तेवढंच चालू राहते, ते तपासून घ्या. पान इथे सुधारलं तर चोर सापडला समजा. chrome://extensions वर सगळी बंद करा, मग एकेक चालू करून दरवेळी पान ताजं करा. जाहिराती अडवणारं, पान काळं करणारं आणि फॉन्ट बदलणारं, ही तीन माझ्या मते पहिले पाहावीत. जाहिराती अडवणारं तर फायलीचा पत्ता पाहून निर्णय घेते. पत्त्यात ads सारखा शब्द आला तर मांडणीची निर्दोष फाईलही अडकू शकते. ते पाहायचं असेल तर साध्या खिडकीत F12 दाबा, Console उघडा आणि पान ताजं करा. `ERR_BLOCKED_BY_CLIENT` असं लाल अक्षरात दिसलं आणि सोबत .css ने संपणारं नाव असलं, तर ती फाईल तुमच्याच ब्राउझरमध्ये अडवली गेली आहे. एक्स्टेन्शन काढून टाकायची गरज नाही, त्या साइटपुरतं बंद ठेवलं तरी चालते.

पण तुमची लक्षणं वाचून मला खरी शंका आवृत्तीची आहे. chrome://version उघडा. विंडोज ७ वर तिथे फार तर 109 दिसेल. फेब्रुवारी 2023 मध्ये आलेल्या 110 पासून क्रोमला किमान विंडोज १० लागते, म्हणून तुमचं क्रोम तिथेच थांबलं. साइटवाल्याने मागच्या आठवड्यात पान नव्या पद्धतीने बांधलं असेल, तर तुमच्या क्रोमला त्यातले काही नियम कळत नाहीत. न कळलेला नियम ब्राउझर चूक न दाखवता सोडून देते आणि कळलेले तेवढे लावते. म्हणून पान अर्धं लागते.

अंदाज नको, तपासून घ्या. Console मध्ये ही ओळ हाताने टाइप करून Enter दाबा:

```
CSS.supports("selector(&)")
```

नियमाच्या पोटात नियम लिहिण्याची सोय ब्राउझरला कळते का, ते हे विचारते. क्रोमला ती 112 पासून कळते. तुमच्याकडे `false` येईल. बाहेरच्या डब्याचे नियम लागतात, पोटातले गळतात, आणि नेमकी अशीच चढाचढी होते. साइटने हीच सोय वापरली आहे का, ते यावरून सिद्ध होत नाही. पण खाजगी खिडकीतही पान तसंच असेल आणि Console मध्ये अडवलेली फाईल नसेल, तर दुसरं कारण शोधत बसू नका. नव्या विंडोजच्या एखाद्या कॉम्प्युटरवर तेच पान उघडून पाहिलं की खात्री होईल.

उपाय म्हणून विंडोज ७ वर फायरफॉक्सची 115 ईएसआर आवृत्ती चालते, ती टाकून पाहा. तिला 109 च्या क्रोमला न कळणाऱ्या काही गोष्टी कळतात, जसे रंगांचे नवे प्रकार आणि रकान्यांच्या मांडणीची सबग्रिड नावाची सोय. पण वरची पोटनियमांची सोय फायरफॉक्समध्ये 117 ला आली, म्हणून त्या कारणाने पान मोडत असेल तर 115 मध्येही मोडेलच. यूजर एजंट बदलणारं एक्स्टेन्शन कोणी सुचवलं तर टाकू नका. ते ब्राउझरचं नाव बदलते, अक्कल नाही. ‘विंडोज ७ साठी नवं क्रोम’ म्हणून अनोळखी साइटवरून काही उतरवणं तर त्याहून वाईट. लोकांचे आधार आणि बँकेचे कागद त्याच कॉम्प्युटरवर असतात.

आजचं काम अडलं असेल तर Tab दाबत एकेका रकान्यावरून खाली जा. बटण झाकलेलं असलं तरी बहुतेक वेळा Tab ने त्यावर पोचता येते आणि Enter ने ते दाबले जाते. मात्र भरलेली माहिती मोबाईलवर उघडून एकदा ताडून घ्या, कारण चढलेल्या अक्षरांत एका रकान्याचं उत्तर दुसऱ्यात पडते.

कायमचं पाहायचं तर 64 बिट विंडोज १० ला किमान 2 जीबी रॅम लागते, पण क्रोमसोबत काम करायला 4 तरी हवी, आणि मायक्रोसॉफ्टचा तिला असलेला नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. लिनक्सवर जुना कॉम्प्युटर नव्या ब्राउझरसह चालेल, पण अंगठ्याच्या यंत्राचं आणि डिजिटल सहीच्या टोकनचं ड्रायव्हर त्यावर मिळते का, ते आधी विचारा. नाही मिळालं तर जुनं मशीन प्रिंटपुरतं ठेवा आणि अर्जाला नवं घ्या.