शिफारसपत्रात नियोजन आणि टीमवर्क कसं दाखवायचं

पहिलंच शिफारसपत्र लिहिताय, तर 'उत्तम नियोजक, मनमिळाऊ' ही विशेषणं आधी खोडा. निवड समितीला ती प्रत्येक पत्रात दिसतात, त्यामुळे त्यांवरून काहीच ठरत नाही. विद्यार्थिनीकडून प्रोजेक्टची लॉगबुक आणि सुरुवातीचं वेळापत्रक मागून घ्या आणि जिथे ठरलेलं बिघडलं ती जागा शोधा. नियोजन खरं तिथेच दिसतं.

समजा, चौघांच्या टीमचा पाण्याची पातळी मोजणारा प्रोजेक्ट आहे आणि सेन्सर तीन आठवडे उशिरा आले. मग असं लिहा: 'सेन्सर येईपर्यंत तिने कृत्रिम रीडिंग देऊन प्रोग्रॅम तपासून घेतला, सर्किटचं काम आधी उरकून घेतलं, त्यामुळे अंतिम चाचणी ठरल्या आठवड्यात झाली.' अडचण, तिचा निर्णय, परिणाम, एवढं पुरतं.

टीमवर्कबद्दल लिहिताना 'त्यांनी केलं' आणि 'तिने केलं' यांची सरमिसळ हमखास होते. सर्किट दुसऱ्याने बनवलं असेल तर तसं स्पष्ट म्हणा. तिने टीममधल्या दोघांमधला वायरिंगचा घोळ जोडणीचा तक्ता करून मिटवला, हे तिचं श्रेय. याच टीममधल्या दुसऱ्यालाही पत्र देणार असाल तर परिच्छेद उचलून चिकटवू नका. दोन्ही पत्रं एकाच टेबलावर आली की दोघांचंही नुकसान होतं.

सुरुवातीला तिला किती काळ आणि कोणत्या नात्याने ओळखता ते एका वाक्यात सांगा. पत्र एका पानात बसवा. जे स्वतः पाहिलं नाही, ते लिहू नका.