‘चालेल’ म्हणजे ‘आवडेल’ नव्हे

दोन-तीन भेटी झाल्यात. मुलगी बोलते छान, हसते, वेळेवर येते. पण कुठे भेटायचं, काय खायचं असं विचारलं की ‘काहीही चालेल’, ‘तू ठरव’. इंग्रजीत बोलत असाल तर ‘आय डोन्ट माइंड’. मग ठरवणारा दर वेळी अंदाजाने जागा निवडतो आणि घरी परतताना तिला ती आवडली की नाही हेच त्याला कळत नाही. मुलगा असं बोलत असेल तरी अडचण हीच, आणि उपायही हेच.

आधी आपण विचारतो कसं ते पाहा. ‘इटालियन चालेल का?’ या प्रश्नाला मराठीत ‘चालेल’ हेच सभ्य उत्तर आहे. पाहुणा म्हणून गेल्यावर ‘काय घेणार?’ला ‘काहीही चालेल’ म्हणायचं हे लहानपणीच अंगवळणी पडलेलं असतं. ‘चालेल’ म्हणजे माझी हरकत नाही, एवढंच. त्यात आवड कुठेच येत नाही. म्हणून प्रश्नातूनच हा शब्द काढून टाका आणि ‘यातलं जास्त काय आवडेल?’ असं विचारा. उत्तराचा सूरही ऐका. ‘चालेल की!’ पटकन आलं तर बहुधा मनापासून असतं. ‘हं... चालेल’ असं ओढत आलं तर काहीतरी अडतंय, आणि ते काय हे शोधायचंय.

बहुतेक वेळा अडतं ते साध्या गोष्टींवर: खाण्यातलं काही पाळणं, पैसे, किंवा घरी परतायची वेळ. यातलं काही पहिल्या भेटीत आपणहून सांगायचा संकोच वाटतो. आपण आधी सांगितलं तर तो संकोच कमी होतो.

एक उदाहरण घेऊ. दोघं लंडनमध्ये, मुलगा हाउन्स्लोला राहतो, मुलगी हॅरोला, आणि शनिवारी भेटायचंय. मागच्या भेटीत तो तिला बर्गरच्या ठिकाणी घेऊन गेला. तिने सॅलड मागवलं, अर्धं ठेवलं आणि ‘मस्त होतं’ म्हणाली. तो शनिवारच होता, आणि ती शनिवार पाळते. त्याने विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

आता तो बुधवारी संध्याकाळी मेसेज करतो. शनिवारी संध्याकाळी 7 वाजता रस्त्यात उभं राहून, पोटात भूक असताना विचारलं तर समोरचा माणूस लवकर सुटण्यासाठी ‘तू ठरव’ म्हणणारच. दोन-तीन दिवस आधी विचारलं की विचार करायला सवड मिळते. पहिला प्रश्न नावडीचा असावा: ‘खाण्यात एखादा वार पाळतेस का? आणि कुठे जायला अगदी नको वाटतं?’ आवड सांगताना चुकायची भीती वाटते, पण ‘नको’ पटकन सांगता येतं. तिचं उत्तर येतं: ‘शनिवारी नॉनव्हेज नाही खात. बाकी काहीही.’ एका प्रश्नात जेवणाचं निम्मं काम झालं.

मग दोनच पर्याय द्या, आणि ते एकाच बाबतीत वेगळे असू द्या. ‘थेम्सकाठी फिरून पिझ्झा, की सिनेमा आणि घरी, की म्युझियम?’ असं विचारलं तर तिने एखादं निवडलं तरी कशामुळे ते कळत नाही. चालणं हवं होतं, की पिझ्झा नको होता? त्याऐवजी: ‘दुपारी हिंडायचं, की कुठेतरी निवांत बसून बोलायचं?’ तिने हिंडणं म्हटलं. आता दुसरा प्रश्न: ‘उघड्यावर, की आत?’ ‘आत, थंडी आहे.’ ब्रिटिश म्युझियमला तिकीट लागत नाही. त्याला पिकॅडिली लाइनने थेट रसेल स्क्वेअरला येता येतं, तिला मेट्रोपॉलिटन लाइनने थेट यूस्टन स्क्वेअरला. जेवायला जवळच ड्रमंड स्ट्रीट आहे, तिथे शाकाहारी भारतीय जेवण आणि भेळपुरी मिळते. ही जागा त्याला तिच्या तीन लहान उत्तरांमधूनच सापडली.

‘दोन्ही चालेल’ असंच उत्तर आलं तर ‘नीट सांग ना’ म्हणून मागे लागू नका, त्याने ती आणखी मिटते. दोन्हीला दहापैकी किती गुण देशील, एवढंच विचारा. 6 आणि 8 आले तर काम झालं. दोन्हीला 7 आले तर तुम्हीच एक ठरवा आणि म्हणा, ‘मी हे धरतो, पण यातली एक गोष्ट तू बदलायची: वेळ, जागा किंवा जेवण.’ कोऱ्या पाटीवर लिहिण्यापेक्षा लिहिलेलं खोडणं सोपं जातं. ‘दोनऐवजी तीन वाजता?’ एवढंच आलं तरी ती तिची पसंती आहे, ती जशीच्या तशी घ्या.

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. तिने मोठ्या मुश्किलीने ‘कॉफीपेक्षा चहा चालेल’ म्हटलं आणि आपण ‘अगं, पण इथली कॉफी फार छान आहे’ म्हणालो, तर पुढच्या वेळी पुन्हा ‘काहीही’. तिचं सांगणं जमत नसेल तर का जमत नाही ते सांगा आणि त्यातला जमेल तेवढा भाग घ्या. आपली आवड तिच्या आधी सांगू नये हेही लक्षात ठेवा. आपण आधी बोललो की समोरून तीच परत येते.

पैशांचं आधीच बोलून टाका. लंडनमध्ये बऱ्याच ठिकाणी बिलात साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज धरलेला असतो. कोण देणार हे माहीत नसेल तर बुजरा माणूस सगळ्यात स्वस्त पदार्थ मागवतो आणि ‘भूक नाही’ म्हणतो. ‘दोघांचं मिळून 40 पौंडांपर्यंत, जेवण माझ्याकडून, चहा तुझ्याकडून’ एवढं वाक्य पुरतं.

भेटीनंतर ‘कसं वाटलं?’ विचारलं तर ‘छान’ येणार. ‘परत गेलो तर यातलं काय वगळायचं?’ असं विचारा. आणि ताटाकडे, पायांकडे लक्ष ठेवा: काय संपलं, कुठल्या दालनात ती रेंगाळली, घड्याळ कधी पाहिलं.

स्पर्श, घरी येणं, रात्री उशिरापर्यंत थांबणं याबाबतीत मात्र ‘चालेल’ला होकार समजू नका. तिथे स्पष्ट ‘हो’ हवं. नसेल तर थांबायचं.

तीन-चार भेटींनंतरही एकही पसंती पुढे येत नसेल तर दोन शक्यता असतात. काहींना जेवणाचं खरंच काही नसतं, पण वेळेच्या बाबतीत ती काटेकोर असतात. ते शोधा. दुसरी म्हणजे रस नसणं. त्याची खूण अशी, की भेट रद्द झाली तर ती आपणहून दुसरा दिवस सुचवत नाही आणि तुमच्याबद्दल काही विचारत नाही. अशा वेळी प्रश्नांच्या युक्त्या करू नयेत, सरळ विचारावं.

स्थळ घरच्यांनी सुचवलेलं असेल तर हा ‘चालेल’ आणखी घट्ट होतो, कारण इथे बोललेलं पुण्याला पोचतं ही धास्ती असते. ‘आपलं बोलणं आपल्यातच’ असं पहिल्याच भेटीत सांगा आणि पाळा. आईवडिलांनीही फोनवर ‘ती काय म्हणाली?’ असं विचारू नये. ‘पुढच्या आठवड्यात भेटताय का?’ एवढं विचारलं तरी पुरे.