प्रोफाइलमधली ‘स्नेहा’ काढून टाक

सप्रेम नमस्कार,

तुझ्या समुपदेशनाच्या प्रोफाइलचा मसुदा दोनदा वाचला. भाषा स्वच्छ आहे आणि वाचणाऱ्याला तुझ्याकडे यावंसं वाटेल. तरीही तो आहे तसा लावू नकोस. ‘नाव बदललं आहे’ असा कंस टाकून एका क्लायंटची गोष्ट सांगणारा मधला परिच्छेद अख्खा जायला हवा. त्यातला तपशील मी या पत्रातही लिहीत नाही. मुद्दा कळावा म्हणून एक बाई मनानेच रचते आणि तिला स्नेहा म्हणते.

समज, तू लिहिलंस: “स्नेहा (नाव बदललं आहे), वय ३४, दोन वर्षांपूर्वी अमेरिकेतून परतलेली, हिंजवडीत आयटीत नोकरी, मुलगा दुसरीत. वारज्याच्या पुलावर गाडी चालवताना तिला पॅनिक अटॅक आला आणि तेव्हापासून तिने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. गर्भपाताचं न बोललेलं दुःख आणि सासूबरोबरचा ताण यांवर १० सत्रं काम केल्यावर ती पुन्हा स्वतः गाडी चालवत ऑफिसला जाऊ लागली.”

वाचायला छान आहे. आता यातली एकेक गोष्ट सुटी घे. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या चौतिशीतल्या बायका ढीगभर आहेत, अमेरिकेतून परतलेल्याही कमी नाहीत. पण अमेरिकेतून आलेली, दुसरीतल्या मुलाची आई आणि मधले काही महिने गाडी दारात असून कॅबने जाणारी, असं म्हटलं की शाळेच्या बसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये एकच बाई उरते. तिची नणंद तर दुसऱ्याच ओळीत ओळखेल. (पुण्यात कुठल्याही दोन माणसांच्या मध्ये तिसरा ओळखीचा निघतोच, हे तुला मी सांगायला नको.) आणि बघ, पुलावरचा प्रसंग या लोकांना आधीपासून माहीत होता. गर्भपाताचं माहीत नव्हतं. ओळख पटवणारा तपशील आणि तिने फक्त तुला सांगितलेली गोष्ट, दोन्ही तू एकाच परिच्छेदात शेजारी ठेवलीस. नाव बदलून यातलं काहीच झाकलं जात नाही.

मग तू म्हणशील, तपशीलही बदलते. वय ३८, नोकरी बँकेत, पुलाऐवजी लिफ्ट. करून बघ. थोडं बदललंस तर ओळखणारे ओळखतातच, कारण माणूस वयावरून नव्हे, घटनांच्या क्रमावरून ओळखू येतो. पुष्कळ बदललंस तर ती खरी केस राहत नाही, आणि ‘१० सत्रांत बरी झाली’ हे वाक्य तू रचलेल्या बाईबद्दलचं ठरतं. ते वाचून जो फी भरून येईल, त्याची ती फसवणूक आहे. केस स्टडी शोधनिबंधात छापतात तेव्हा लेखी संमती असते, संपादक तपासतात, वाचणारे व्यवसायातले असतात आणि सांगण्याला शिकवण्याचं कारण असतं. प्रोफाइलचं कारण नवे क्लायंट मिळवणं हे आहे. त्यात गैर काही नाही, पण त्यासाठी दुसऱ्याचं दुःख वापरायचं नाही.

“तिनेच हौसेने परवानगी दिली” हेही मी ऐकलं आहे. ज्या खोलीत ती रडते, त्याच खोलीत तू परवानगी मागितलीस, आणि उद्या पुन्हा त्रास झाला तर तिला तुझ्याकडेच यायचं आहे. ती नाही कशी म्हणेल? समजा, मनापासून हो म्हणाली. तरी आपल्याबद्दलचा तो परिच्छेद ती वाचणारच. आपल्यातलं नेमकं काय तुला दाखवण्याजोगं वाटलं, हे तिला कळेल. पुढे कधी अटॅक परत आला तर सांगायला ती कचरेल, कारण ती आता तुझी यशोगाथा आहे. आणि सध्या येणारे बाकीचे क्लायंटही तुझं प्रोफाइल वाचतात. ‘माझंही असंच येईल का’ हा विचार त्यांच्या मनात आला की पुढच्या सत्रात काहीतरी सांगायचं राहून जातं. ते काय होतं, तुला कधीच कळत नाही.

कायदा थोडक्यात सांगते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे आणि उपचार देणाऱ्यावर ती पाळण्याचं बंधन आहे. कलम २४ प्रमाणे डिजिटल स्वरूपातली माहितीही त्यात येते. समुपदेशक त्या कायद्याच्या व्याख्येत नेमके कुठे बसतात, यावर वकील वाद घालू शकतील. तो वाद तुझ्या क्लायंटच्या तक्रारीवरून सुरू होऊ नये, एवढंच.

आता त्या जागी काय लिहायचं? तुझं काम. पॅनिकवर तू काय करतेस हे मला माहीत आहे आणि ते कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त पटणारं आहे. असं काहीसं लिही:

“पॅनिक अटॅकसाठी येणाऱ्यांना मी आधी विचारते की डॉक्टरांकडून हृदय आणि थायरॉइडची तपासणी झाली आहे का. झाली नसेल तर ती करून घ्यायला सांगते. पहिल्या सत्रात शेवटचा अटॅक आपण मिनिटामिनिटाने उलगडतो: आधी काय जाणवलं, त्याचा अर्थ काय लावला, मग काय केलं. छातीतली धडधड म्हणजे हार्ट अटॅक, असा अर्थ लावला की भीती वाढते आणि भीतीने धडधड वाढते. हे चक्र कागदावर मांडतो. पुढे डॉक्टरांची हरकत नसेल तर धडधड, धाप, गरगरणं खोलीतच मुद्दाम अनुभवतो, उदाहरणार्थ बारीक स्ट्रॉमधून मिनिटभर श्वास घेऊन किंवा खुर्चीत गोल फिरून. मग टाळलेल्या जागा सोप्यापासून अवघडापर्यंत क्रमाने घेतो. पाच-सहा सत्रांनंतर आपण दोघं मिळून आढावा घेतो. फरक नसेल तर पद्धत बदलण्याबद्दल किंवा मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचं मत घेण्याबद्दल बोलतो.”

यात एकही क्लायंट नाही. तरी रात्री दोन वाजता छातीवर हात ठेवून फोन चाळणाऱ्या माणसाला कळतं की या बाईला माझा त्रास माहीत आहे, तिथे गेल्यावर काय होईल आणि जमलं नाही तर पुढे काय. ज्याला हे काम येत नाही, त्याला हा परिच्छेद लिहिता येणार नाही. तुझं कौशल्य दिसायचं ते इथे दिसतं. दुःख, नातेसंबंध, परीक्षेचा ताण, ज्यावर खरंच काम करतेस त्या आणखी एक-दोन विषयांवर असंच लिही आणि थांब. तुझ्या मसुद्यात १७ विषयांची यादी आहे. व्यसनमुक्तीपासून ऑटिझमपर्यंत सगळं जमतं म्हणणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

पदवीच्या ओळीत ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ लिहिलं आहेस, ते काढ. तुझं एम.ए. समुपदेशन मानसशास्त्रातलं आहे. ते बिरुद वापरायला मान्यताप्राप्त एम.फिल.सारखा अभ्यासक्रम आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ‘समुपदेशक, एम.ए. (समुपदेशन मानसशास्त्र)’, विद्यापीठ आणि वर्ष, एवढं पुरे. खाली एक ओळ टाक: औषधं देत नाही, निदानाचं प्रमाणपत्र देत नाही, दर महिन्याला ज्येष्ठ समुपदेशकाकडून कामाचं पर्यवेक्षण घेते. शेवटची गोष्ट लपवण्यासारखी नाही. उलट ती वाचून जाणकार माणूस निर्धास्त होतो.

‘१०० टक्के गोपनीयता’ हे वाक्यही खोटं आहे, आणि नको त्या वेळी खोटं ठरतं. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे तुला कळवावंच लागतं. कोणाच्या जिवाला तातडीचा धोका असेल तर गप्प राहता येत नाही. न्यायालयाचा आदेश आला तर उत्तर द्यावं लागतं. म्हणून लिही: “आपलं बोलणं गोपनीय राहतं. जीवाला धोका, लहान मुलावरचा अत्याचार आणि न्यायालयाचा आदेश हे अपवाद आहेत. ते पहिल्याच सत्रात समजावून सांगते. पर्यवेक्षणात केसबद्दल बोलताना ओळख सांगत नाही.” तातडीची मदत हवी असणाऱ्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा नंबर ठळक दे, आणि तू २४ तास उपलब्ध नसतेस हेही त्याच्या शेजारीच लिही.

अभिप्रायांचं विचारलं होतंस. चालू क्लायंटकडून मागू नकोस. माझ्या मते, काम संपलेल्यांकडूनही नाही. कारण वर आलंच आहे. पण गूगलवर लोक स्वतःहून लिहितात आणि तिथे फसायला होतं. कोणी पाच तारे दिले आणि तू “तुमच्यासोबत काम करून आनंद वाटला” असं उत्तर दिलंस, की तो माणूस तुझ्याकडे येत होता हे तू जगजाहीर केलंस. त्याने स्वतः लिहिलं म्हणून तुला मोकळीक मिळत नाही. एक तारा देऊन कोणी “पैसे घेतले आणि नुसतं ऐकत बसली” असं लिहिलं की हात शिवशिवतात. ‘तुम्ही दोनच सत्रांना आलात’ असं लिहावंसं वाटतं. लिहू नकोस. चांगल्या-वाईट सगळ्या अभिप्रायांना एकच उत्तर ठेव, किंवा कशालाच देऊ नकोस: “कोणी माझ्याकडे येतं की नाही, याबद्दल मी जाहीरपणे बोलत नाही. कोणालाही माझ्या कामाबद्दल काही सांगायचं असल्यास या ईमेलवर कळवावं.” त्या एका ताऱ्याने काही लोक येणार नाहीत. तेवढं नुकसान या व्यवसायात धरूनच चालायचं.

कंपन्यांची नावंही काढ. ज्या छोट्या कंपनीत महिन्यातून एकदा जातेस, तिथे ४० माणसं आहेत. तिचं नाव आणि ‘घटस्फोटाच्या काळातलं समुपदेशन’ एकाच पानावर आलं की जेवणाच्या सुट्टीत अंदाज बांधले जातात. ‘खाजगी कंपन्यांत कर्मचारी समुपदेशन’ म्हटलं की झालं.

फोटो तुझा एकटीचा टाक, साधा. पाठमोऱ्या क्लायंटबरोबरचा नको, मग ती पाठ तुझ्या मैत्रिणीची असली तरी. बघणाऱ्याला ते माहीत नसतं. नवा मसुदा आधी मला पाठवू नकोस. सध्याच्या प्रत्येक क्लायंटच्या जागी बसून तो एकदा वाच, आपल्याबद्दल लिहिलं आहे असं कोणाला कुठे वाटेल तिथे खूण कर, आणि त्या खुणांसकट घेऊन ये. गुरुवारी चारनंतर मी मोकळी आहे.

तुझी,
ताई