पहिली आणि शेवटची स्लाइड टेम्पलेटमधून उचलल्यासारखी दिसू नये म्हणून

प्रश्न: पॉवरपॉइंटमध्ये मराठी प्रेझेंटेशन करते. आतल्या स्लाइड बऱ्या जमतात, पण पहिली आणि ‘धन्यवाद’वाली शेवटची स्लाइड टेम्पलेट उघडून तशीच सोडल्यासारखी वाटते. रंग बदलले, फॉन्ट बदलले, तरी फरक नाही. डिझाइन शिकलेले नाही. नेमके काय बदलू?

उत्तर: रंग आणि फॉन्टला हात लावण्याआधी मजकुराची जागा बदला. ‘तयार टेम्पलेट’चा वास येतो तो बहुतेक वेळा जागेमुळेच.

मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या नेहमीच्या १६:९ टेम्पलेटमध्ये स्लाइड १३.३३ इंच रुंद आणि ७.५ इंच उंच असते. आतल्या स्लाइडवरच्या शीर्षकाची चौकट डाव्या कडेपासून ०.९२ इंचांवर सुरू होते आणि मजकूर डावीकडे लागलेला असतो. पहिल्या स्लाइडवर मात्र तीच चौकट १.६७ इंचांवर सुरू होते, मजकूर मध्यभागी असतो आणि अक्षरे ६० पॉइंटची. म्हणजे पहिल्या स्लाइडचा आतल्या स्लाइडशी एकही धागा जुळत नाही. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण ही स्लाइड वेगळीकडून आली आहे हे जाणवते. वरून कितीही रंग चढवला तरी ते जात नाही.

म्हणून View > Slide Master मध्ये जा आणि डावीकडच्या यादीतले Title Slide हे लेआउट निवडा. बदल इथेच करायचे, प्रत्यक्ष स्लाइडवर नाही. शीर्षकाच्या चौकटीवर राइट-क्लिक करून Size and Position उघडा. आडवे स्थान ०.९२ इंच, रुंदी ११.५ इंच, उभे स्थान ०.९ इंच ठेवा. उंची आहे ती, सुमारे २.६ इंच, राहू द्या. तुमच्याकडे सेंटीमीटर दिसत असतील तर त्या खान्यात सरळ `0.92 in` असे टाइप करा, रूपांतर आपोआप होते. मजकूर डावीकडे लावा आणि आकार ४८ पॉइंट करा. उपशीर्षकाची चौकटही त्याच डाव्या कडेवर, मजकूर डावीकडे, उभे स्थान ३.६ इंच, आकार २४ पॉइंट.

आता Insert Placeholder > Text घेऊन ६.३ इंचांवर एक बारीक चौकट ठेवा, पुन्हा त्याच डाव्या कडेवर. त्यात नाव, संस्था आणि तारीख, १६ ते १८ पॉइंटमध्ये. ही चौकट पाच पातळ्यांचा नमुना मजकूर आणि बुलेट घेऊन येते. पहिली ओळ ठेवून बाकीच्या पुसा, बुलेट काढा. नाव उपशीर्षकाखाली चिकटवण्याऐवजी तळाशी नेले की मधे मोठी मोकळी जागा राहते. ती भरू नका. मजकूर मध्यभागी असताना उरलेली जागा चारही बाजूंना सारखी वाटली जाते आणि उरलीसुरली दिसते. इथे ती एकत्र येते, म्हणून मुद्दाम ठेवलेली वाटते.

एक बारीक गोष्ट इथे हमखास चुकते. शीर्षकाखाली रेघ किंवा रंगाची पट्टी द्यायची झाली तर लोक तीही ०.९२ इंचांवर लावतात, आणि तरी ती मजकुराच्या थोडी डावीकडे दिसते. कारण चौकटीच्या आत ०.१ इंचाचा समास असतो, म्हणून अक्षरे १.०२ इंचांवर सुरू होतात. पट्टी १.०२ वर सरकवा. चौकटीचा Left margin शून्य करायचा असेल तर तो आतल्या सगळ्या लेआउटमध्येही करावा लागेल, नाहीतर आताच जुळवलेली कड पुन्हा बिघडेल.

मराठीसाठी आणखी एक बदल. टेम्पलेटमध्ये शीर्षकाच्या ओळींमधले अंतर ०.९ पट असते. इंग्रजीला ते चालते. आपल्याकडे वरच्या ओळीतले उकार आणि खालच्या ओळीतल्या वेलांट्या, अनुस्वार एकमेकांना भिडतात. Paragraph मध्ये Line Spacing > Multiple निवडून १.१ करा. आणि ऐसपैस दिसावे म्हणून अक्षरांमधले अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते.

आता एक उदाहरण घेऊ. शीर्षक आहे ‘कमी तापमानात लिथियम-आयन बॅटरीची क्षमता का घटते’. ओळ आपोआप तुटू दिली तर ‘घटते’ एवढाच शब्द खाली लोंबकळू शकतो. ‘कमी तापमानात’ नंतर Shift+Enter द्या. पहिली ओळ परिस्थिती सांगते, दुसरी प्रश्न विचारते. विशेषण आणि नाम वेगळ्या ओळींवर जाऊ देऊ नका, एवढे पाळले तरी पुरते. दुसरी ओळ मावत नसेल तर ४४ पॉइंट करा, पण मग आतली शीर्षके ३२च्या आसपास आणा. नेहमीच्या टेम्पलेटमध्ये तीही ४४च असतात आणि दोन्ही सारखी झाली की पहिली स्लाइड पहिली वाटत नाही.

पार्श्वभूमीला थीममधला एकच गडद रंग, अक्षरे पांढरी, आतल्या स्लाइड पांढऱ्या. बस. फोटो घालायचा तर उजवीकडे कडेला भिडवून, वरपासून खालपर्यंत, आणि शीर्षकाची रुंदी त्या मानाने कमी करून.

शेवटच्या स्लाइडसाठी हेच लेआउट Duplicate Layout करा आणि त्याला ‘समारोप’ असे नाव द्या. डावी कड, रंग आणि तळाची ओळ जिथल्या तिथे, फक्त मुख्य मजकूर ३६ ते ४० पॉइंट आणि उपशीर्षक २० पॉइंट. दोन्ही स्लाइड जोडीने बनवल्या आहेत हे त्यातूनच दिसते. मजकूर मात्र बदला. प्रश्नोत्तरांच्या वेळी हीच स्लाइड पडद्यावर सर्वांत जास्त वेळ राहते, तेव्हा तिथे ‘धन्यवाद’ लिहून जागा वाया घालवू नका. आभार तोंडाने माना. आपल्या उदाहरणात तिथे ‘सेल ० अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर / चार्ज करू नका’ हे यावे, त्याखाली २० पॉइंटमध्ये कारण: ‘धातुरूप लिथियम ऋणाग्रावर साचते’. तळाच्या ओळीत नाव राहू द्या, तारखेच्या जागी ईमेल. कुणी प्रश्न विचारताना वर पाहिले तर त्याला मुद्दाच दिसेल. कार्यालयाचा ‘धन्यवाद’साठी आग्रह असेल तर तो तळाच्या ओळीत, लहान.

शेवटच्या स्लाइडवर चुकून एक क्लिक जास्त झाले की काळा पडदा येतो आणि त्यावर ‘End of slide show, click to exit.’ दिसते. Options > Advanced मधले End with black slide बंद केले तर प्रेझेंटेशन थेट संपादनाच्या खिडकीत परतते, ते आणखी वाईट. त्यापेक्षा समारोपाच्या स्लाइडच्या आणखी दोन प्रती शेवटी ठेवा, Transition न लावता. क्लिक झाले तरी कुणाला कळत नाही. जादा तक्ते असतील तर ते या प्रतींच्या आधी Hide Slide करून ठेवा. गरज पडली की चालू शोमध्ये स्लाइडचा क्रमांक टाइप करून Enter.

शेवटी दोन तपासण्या करा. दोन्ही स्लाइडवर Home > Reset दाबा. मांडणी जागेवरून हलली, तर काही बदल लेआउटऐवजी स्लाइडवर झाले आहेत. ते शोधून लेआउटमध्ये न्या. मग फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. तिथे तुमचा देवनागरी फॉन्ट नसेल तर पर्यायी फॉन्टची रुंदी आणि उंची वेगळी असते, आणि जुळवलेल्या दोन ओळींच्या तीन होतात. विंडोजवर Options > Save मध्ये Embed fonts in the file चालू केल्यास बहुतेक वेळा हे टळते, मात्र फॉन्टच्या परवान्यात एम्बेड करायला मनाई असेल तर तो फाइलबरोबर जात नाही.