आपट्याच्या पानासोबतचा मेसेज: 'सोनं लुटा' की 'सोनं घ्या'?

प्रश्न: "आमच्या सोसायटीत दसऱ्याला प्रत्येक घरी आपट्याचं पान आणि त्यासोबत एक छोटी चिठ्ठी द्यायची आहे. बरीच घरं अमराठी आहेत, म्हणून प्रथा दोन-तीन ओळीत सांगायची आहे. मी असं लिहिलंय: 'सर्व रहिवाश्यांना विजयदशमी व दसर्याच्या हार्दिक शुभेच्छा! आज सोने लुटण्याचा सण. सोनं घ्या, सोन्यासारखे रहा.' एक काका म्हणाले लुटणे शब्द शुभ मेसेजमध्ये बरा दिसत नाही. काढू का? आणि बाकी काय दुरुस्त करू?"

काढू नका, तोच तर या सगळ्यातला सगळ्यात जुना आणि गोड शब्द आहे. फक्त अमराठी माणसाला तो दरोड्याचा वाटू शकतो हे काकांचं म्हणणं खरं आहे, म्हणून शब्द ठेवायचा आणि त्याला अर्धं वाक्य जोडून द्यायचं, एवढंच.

लुटणे म्हटलं की आपल्याला आधी हिसकावून घेणं आठवतं, पण बोलीत त्याला दुसरी बाजू आहे आणि ती आपण दरवर्षी वापरतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका काय म्हणतात, "यंदा काय वाण लुटलंस?" म्हणजे काय वाटलंस. तिथे लुटणारी ही देणारी असते, घेणारी नाही! मनात काही न ठेवता, हिशोब न करता वाटून टाकणं म्हणजे लुटणं. आणि "आनंद लुटला", "मजा लुटली" म्हणतो तेव्हा तेच क्रियापद भरभरून घेण्याचं होतं, आणि त्यात कुणाचं काही जात नाही. दसऱ्याच्या सोन्यात या दोन्ही बाजू एकत्र आहेत, मी तुम्हाला देतो तुम्ही मला देता आणि दोघंही म्हणतो की सोनं लुटलं. म्हणून 'वाटणे' किंवा 'देवाणघेवाण' घातलं तर अर्थ कळेल पण निम्माच, कारण वाटणाऱ्याच्या हातात काहीतरी देण्याचा मोठेपणा राहतो आणि देवाणघेवाणीत हिशोब येतो. लुटण्यात दोन्ही नाही.

हा शब्द आला कुठून तर त्यासाठी कौत्साची गोष्ट बघायला लागते, आणि चिठ्ठीत तीच दोन ओळीत द्यावी असं माझं मत. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स, शिक्षण संपल्यावर गुरुदक्षिणा काय देऊ म्हणून मागे लागला. गुरू म्हणाले काही नको, तुझी सेवा पुरे. तरी हा ऐकेना, शेवटी ते चिडले आणि म्हणाले चौदा विद्या शिकवल्या तर चौदा कोटी सुवर्णमुद्रा आण. कौत्स गेला रघुराजाकडे, म्हणजे रामाच्या पणजोबांकडे. पण रघूने नुकताच विश्वजित यज्ञ करून होतं नव्हतं ते सगळं दान केलेलं. कालिदासाच्या रघुवंशात पाचव्या सर्गात ही गोष्ट आहे आणि त्यात एक छोटासा तपशील फार सुंदर आहे, पाहुण्याला अर्घ्य द्यायला राजा सोन्याचं पात्र नाही म्हणून मातीचं भांडं घेऊन सामोरा येतो, आणि ते भांडं बघूनच कौत्साला कळतं की इथे मागण्यात अर्थ नाही. तो दुसरीकडे जायला निघतो. रघू त्याला दोन-तीन दिवस थांब म्हणतो, कुबेरावर स्वारी करायचं ठरवतो आणि रथातच झोपतो. पहाटे निघायचं तर खजिनदार येऊन सांगतात की रात्री कोठारात आकाशातून सोन्याचा पाऊस पडलाय.

पुढचा भाग महत्त्वाचा. रघू म्हणतो सगळं घेऊन जा, कौत्स म्हणतो मला गुरूंचं देणं आहे तेवढंच पाहिजे, त्यावर एक नाणं नको. देणारा जास्त देऊ बघतोय आणि घेणारा जास्त घ्यायला तयार नाही, आणि अयोध्येच्या लोकांना दोघांचंही कौतुक वाटतं. रघुवंशात गोष्ट इथे थांबते. तिथे सोनं कोठारात पडतं, आपट्याचं झाड कुठेच नाही. आपण लहानपणी ऐकलेली गोष्ट मात्र पुढे जाते, तिच्यात सोनं झाडावर पडतं, कुणी आपटा म्हणतं कुणी शमी, आणि दोघांनाही नको असलेलं उरलेलं सोनं राजा लोकांना म्हणतो लुटून न्या. तेव्हा लुटणे हा शब्द इथला आहे, जे ठेवायला कुणीच तयार नाही ते सगळ्यांनी मिळून घेणं. म्हणून चिठ्ठीत 'पुराणात लिहिलंय' असं ठोकून देऊ नका, 'कथा अशी सांगतात की' म्हणा, ते खरंही आहे आणि ऐकायलाही बरं वाटतं.

दुसरं एक स्पष्टीकरण तुम्हाला कुणीतरी ऐकवेलच, की पावसाळा संपल्यावर मराठे दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघायचे आणि लूट घेऊन यायचे म्हणून सोनं लुटणे. मोहिमा दसऱ्यानंतर सुरू व्हायच्या हे बरोबर आहे, पण शेजाऱ्याच्या हातात पान ठेवताना ही आठवण काढायची गरज नाही, चिठ्ठीत तरी कौत्सच बरा. सीमोल्लंघनाचा धागा दुसऱ्या बाजूने जोडता येतो. गावाची शीव ओलांडून ईशान्येला जायचं, तिथे शमीची पूजा करायची आणि पानं घेऊन घरी यायचं, मग घरच्या बायका ओवाळतात असा जुना क्रम. शमी मिळाली नाही तर अश्मंतक पुजावा असं धर्मसिंधूत सांगितलंय, अश्मंतक म्हणजेच आपला आपटा. म्हणजे मूळचा तो पर्याय, पण महाराष्ट्रात पर्यायच मुख्य झाला. कोल्हापूरच्या दसरा चौकात मात्र आजही आधी छत्रपतींच्या हस्ते शमीपूजन होतं आणि मग सोनं लुटायला लोकांची झुंबड उडते, दोन्ही गोष्टी एका जागी बघायच्या तर तिथे बघाव्यात.

आता तुमच्या मजकुराकडे येतो. 'विजयदशमी' नाही, 'विजयादशमी', कारण तिथीचं नाव विजया. आणि विजयादशमी आणि दसरा एकच, मध्ये 'व' घातला की दोन सण वाटतात, एकच ठेवा, मी 'दसरा' ठेवेन कारण घरात आपण तेच म्हणतो. 'दसर्याच्या' हे टाईप करताना होतं, र् जोडला की तो पुढच्या अक्षरावर रफार म्हणून चढतो आणि आचार्य सारखा वाचला जातो. आपल्याला हवा आहे तो आडवा र, त्यासाठी कीबोर्डवर खाली टिंब असलेला ऱ शोधा, मग हलन्त, मग य, की 'दसऱ्याच्या' बरोबर येतं. फोनवर साध्या र वर बोट दाबून धरलं की बहुतेक वेळा हा ऱ दिसतो. छापायला देण्याआधी प्रूफवर हा एक शब्द नक्की बघा, कारण काही फॉन्टमध्ये स्क्रीनवर नीट दिसलेला ऱ्य छापताना तुटतो. 'रहिवाश्यांना' नको, 'रहिवाशांना'. 'रहा' नको, 'राहा', क्रियापद राहणे आहे म्हणून.

'सोनं घ्या, सोन्यासारखे रहा' यात अजून एक गोष्ट खटकते, पहिला शब्द बोलीतला आणि दुसरा लेखी. एकतर 'सोने घ्या, सोन्यासारखे राहा' करा नाहीतर 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा'. ही ओळ मुळात तोंडाने बोलायची आहे, त्यामुळे अनुस्वाराचीच ठेवा, वाचणारा मनात तीच ऐकतो.

आणि हे कोण कुणाला म्हणतं? घरात लहान माणूस पान मोठ्यांच्या हातात ठेवून पाया पडतो आणि फक्त "सोनं घ्या" एवढंच म्हणतो. "सोन्यासारखं राहा" हा त्यावर मोठ्यांनी दिलेला आशीर्वाद आहे. सत्तरीच्या आजोबांच्या दारात जाऊन आपणच त्यांना सोन्यासारखं राहा सांगायचं हे मला जरा अवघडल्यासारखं वाटतं. चिठ्ठी सगळ्या वयाच्या लोकांना जाणार म्हणून सगळ्यांना सामावणारं रूप घ्या, 'सोन्यासारखं राहू या'. 'राहू' आणि 'या' वेगळे लिहायचे.

तर माझा मजकूर असा:

"दसऱ्याच्या मनापासून शुभेच्छा! सोबत आपट्याचं पान आहे, आज आम्ही याला सोनं म्हणतो. कथा अशी सांगतात की कौत्स नावाच्या शिष्याला गुरुदक्षिणा देता यावी म्हणून रघुराजासाठी सोन्याचा पाऊस पडला. कौत्साने गरजेपुरतंच घेतलं, राजाने उरलेलं स्वतःकडे ठेवलं नाही, आणि ते लोकांनी आनंदाने लुटलं. म्हणून आज एकमेकांना हे पान देणं म्हणजे सोनं लुटणं. सोनं घ्या, सोन्यासारखं राहू या."

यात 'आनंदाने' हा शब्द काकांसाठी आहे, तो आला की लुटण्यातला दरोडा जातो. जागा कमी असेल तर कथेची दोन वाक्यं काढा, पण 'सोनं लुटणं' असलेलं वाक्य काढू नका. हिंदीत किंवा इंग्रजीत करून देणार असाल तरी सोनं हा शब्द तसाच ठेवा आणि पुढे अर्थ द्या, म्हणजे तुमच्या दारात येणारा शेजारी तो शब्द उच्चारून पान देऊ शकेल.

एक प्रत्यक्षातली खबरदारी, पान खरंच आपट्याचं आहे ना ते बघा. बाजारात आपटा म्हणून कांचनाच्या फांद्या सर्रास येतात, दोन्ही एकाच कुळातले आणि दोघांचंही पान मधोमध दुभंगलेलं, त्यामुळे सहज फसायला होतं. आपट्याचं पान लहान, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, जाडसर आणि हाताला खरखरीत लागतं, मागून फिकट राखाडी. कांचनाचं मोठं, तळहाताएवढंही होतं, पातळ आणि मऊ, आणि लवकर मलूल पडतं. कांचनच मिळाला तर चिठ्ठीत नुसतं 'सोबतचं पान' लिहा, कांचन म्हणजे संस्कृतात सोनंच, तेव्हा बिघडत काही नाही. मात्र घरटी एकच पान पुरे, एका लहान जुडीत पूर्ण मजल्याचं काम होतं, फांद्याच्या फांद्या आणून दुसऱ्या दिवशी कचऱ्यात टाकण्यापेक्षा ते बरं.

सोसायटीत कर्नाटकातली घरं असतील तर त्यांना फार समजावायला लागणार नाही. उत्तर कर्नाटकात दसऱ्याला शमीची पानं देतात, शमीला तिकडे बन्नी म्हणतात आणि सोन्याला बंगार, आणि पान देताना म्हणतात "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण", म्हणजे बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू या. 'राहा' नाही, 'राहू या'! त्या घरांच्या चिठ्ठीवर शेवटी ही ओळ पेनाने लिहा, कन्नड लिपीत त्यांच्याच कुणाकडून लिहून घेतली तर अजून छान.