थापड कशाबद्दल मारलीस?

ताई, कोराडीच्या नवरात्र यात्रेत माझा पाच वर्षांचा मुलगा हरवला. ७.४० ला बांगड्यांचे पैसे द्यायला त्याचा हात सोडला, वळून पाहते तर तो नाही. मी पाळण्यांकडे धावले, नवरा पार्किंगकडे. हाका मारून घसा बसला. ८.०५ ला सापडला, समोरच्याच दुकानात, पत्र्याची बोट बघत. एक थापड मारली आणि घरी आणलं. तेव्हापासून मला झोप नाही. सासूबाई म्हणतात, पोट्ट्याला गर्दीत न्यायचंच काऊन? पुन्हा कधीच नेऊ नये का?
— एक आई, मानेवाडा

अगं, समोरच्याच दुकानात! हे तू जाता जाता लिहिलंस आणि मी तिथेच अडकले आहे.

आता त्याची पंचवीस मिनिटं बघ. टबातल्या पाण्यात बोट फिरतेय, टकटक आवाज करत. दुकानदारानं आधी तिच्या नळ्यांत पाणी भरलं, मग खाली वात पेटवली. आतलं पाणी तापलं, वाफेनं नळीतलं पाणी मागे ढकललं, बोट पुढे सरकली. वाफ थंड झाली की नळी पुन्हा पाणी ओढून घेते. पोराला यातलं काही ठाऊक नाही, पण दिवा लावला की बोट पळते, एवढं त्यानं पाहिलं. वात विझली, बोट थांबली. आता काय होणार? दुकानदारानं तेल घातलं, पुन्हा पेटवली. हे सोडून पाच वर्षांचं लेकरू जाईल कुठे? त्याच्या लेखी आई मागेच होती.

तुला तो दिसला नाही, कारण तो तुझ्या कमरेएवढा आणि टबाभोवती मोठ्यांचं कडं. तुला नुसत्या लोकांच्या पाठी दिसल्या आणि तू पुढे गेलीस. ७.४१ ला तो दहा पावलांवर होता. ७.४५ ला तू पाळण्यांपाशी होतीस आणि तो होता तिथेच. अंतर तू वाढवलंस, बाई.

हरवलेल्या पोरानं जागा सोडू नये, हेच आपण पोरांना शिकवतो. त्यानं ते न शिकवता केलं आणि थापड खाल्ली. पुढच्या वेळी तो जागेवर थांबेल का? मला त्याच थापडीची भीती वाटते, यात्रेची नाही.

म्हणून आज संध्याकाळीच त्याला जवळ घे आणि सांग, "तू तिथेच थांबलास, म्हणून आई तुझ्यापर्यंत आली. मारलं ते माझं चुकलं." सासूबाईंसमोर सांग.

आणि यात्रेला ने. पुन्हा असं झालं तर तू दुकानापासून हलायचं नाहीस. आधी तिथल्याच प्रत्येक कड्यात वाकून बघ. नवऱ्यानं पोलीस मदत केंद्र गाठून लाउडस्पीकरवर सांगायचं. नुसतं नाव ओरडून लोकांना काय कळणार? वय आणि शर्टाचा रंग सांगा. आत शिरतानाच त्याचा एक फोटो काढून ठेव.

ती बोटही घेऊन दे. घरी परातीत पाणी घाल, त्याच्या शेजारी जमिनीवर बस आणि विचार, वात विझल्यावर त्या काकांनी काय केलं होतं रे?